तिकीट मशीनवरची मराठी झेंड्यामागे का लपवायची?

कळवा_पूर्व: आमच्या स्टेशनवरच्या तिकीट मशीनवर भाषा बदलायला वरच्या कोपऱ्यात नखाएवढा तिरंगा आहे. आईला वाशीचं परतीचं तिकीट हवं होतं. स्क्रीन इंग्रजीत. ती मराठी शोधत राहिली आणि तेवढ्यात स्क्रीन परत पहिल्या पानावर गेली. सरकारी मशीन म्हणून झेंडा असेल, असं तिला वाटलं. सरळ 'मराठी' लिहायला काय हरकत आहे?

ऐरोली_अप_डाउन: हरकत आहे. सकाळी पावणेनऊला रांगेतल्या प्रत्येकाला आधी भाषा विचारली, तर प्रत्येकामागे एक टच वाढतो. झेंडा कोपऱ्यात असतो, ज्याला गरज आहे तो दाबतो. एकदा दाखवून दिलं की पुढच्या वेळी येतं.

नेरूळची_मीनल: आईंना कळलं नाही यात त्यांची काहीच चूक नाही. मी अशा मशीनच्या स्क्रीन तयार करायच्या कामात आहे. झेंडा देशाचा असतो, भाषेचा नसतो. जपानी किंवा इटालियन भाषेपुढे तो खपून जातो. आपल्याकडे मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींचा झेंडा एकच, मग त्यातून निवडायचं काय? सॉफ्टवेअरमध्ये या तीन भाषा `mr-IN`, `hi-IN`, `en-IN` अशा नोंदवतात. झेंड्याचं चित्र रेघेपुढच्या `IN` वरून येतं, म्हणून तिन्हींपुढे तिरंगा. नुसत्या `mr` वरून चित्र उचललं तर आणखी घोटाळा होतो, कारण देशांच्या यादीत `MR` म्हणजे मॉरिटानिया. मग मराठीपुढे हिरव्या रंगावर चंद्र-तारा असलेला झेंडा येतो.

घोडबंदर_७: मग झेंडा काढून पृथ्वीचा गोल टाका, नाहीतर 'अ' टाका. संपला विषय.

नेरूळची_मीनल: गोल झेंड्यापेक्षा बरा, निदान देशाचा गोंधळ होत नाही. पण तोही चित्रच, मराठी त्याच्या मागेच राहते. 'अ'ची अडचण आपल्याकडे जास्त आहे, कारण हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत. 'अ' बघून मराठी माणूस दाबतो आणि समोर हिंदी उघडते. शब्दच हवेत, तेही ज्या भाषेचा शब्द त्याच भाषेत. 'Marathi' असं लिहिलं तर ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला त्याचा काय उपयोग?

कोपरी_दादा: माझं ऐका. मागच्या महिन्यात मशीनवर क्यूआर स्कॅन केला, पैसे गेले, तिकीट आलं नाही. त्याचं काय करायचं?

कळवा_पूर्व: दादा, तो वेगळा प्रश्न आहे. पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक घेऊन बुकिंग खिडकीवर विचारा.

ऐरोली_अप_डाउन: मीनलताई, झेंडा चुकीचा, हे मान्य. पण वेळेचं उत्तर मिळालं नाही.

नेरूळची_मीनल: आधी विचारायचंच नाही. प्रत्येक स्क्रीनच्या खाली एक पट्टी ठेवायची: मराठी | हिंदी | English. ज्याला बदलायची नाही त्याचा एकही टच वाढत नाही. पण त्यात एक गोष्ट सांभाळावी लागते. वाशी निवडलं, परतीचं निवडलं, दोन प्रवासी टाकले आणि मग 'मराठी' दाबलं, तर हे सगळं तसंच राहून फक्त अक्षरं बदलली पाहिजेत. अनेकदा भाषा बदलली की मशीन पहिल्या पानावर नेतं. एकदा असं झालं की माणूस ते बटण पुन्हा दाबत नाही, इंग्रजीतच चाचपडतो.

आणखी एक. तपासणारे नेहमी इंग्रजीतून मराठीकडे जाऊन बघतात. उलटं करून बघा. मशीन मराठीवर ठेवा आणि मराठी न वाचणाऱ्या माणसाला इंग्रजीकडे परत जायला सांगा. तो अडला, तर पट्टी अजून नीट झालेली नाही.

घोडबंदर_७: मराठी उघडली तरी मला एका मशीनवर 'वापसी' दिसलं. आपण 'परतीचं' म्हणतो. सरळ 'रिटर्न' लिहिलं असतं तरी आईला कळलं असतं.

ऐरोली_अप_डाउन: पट्टी मला पटली. पण एकाचं तिकीट निघाल्यावर मशीनने कोणत्या भाषेत थांबायचं? माझ्या मते इंग्रजीतच, बाहेरगावचे लोकही येतात.

कळवा_पूर्व: स्टेशनच्या पाटीवर मराठी, हिंदी, इंग्रजी या क्रमाने नाव असतं. मशीन त्याच फलाटावर उभं आहे, मग क्रम वेगळा का?

नेरूळची_मीनल: पाटीवर तिन्ही नावं एकाच वेळी दिसतात, मशीनला एकच भाषा धरून थांबावं लागतं. तरी मी मराठीच ठेवीन. पट्टी समोर असली की बाहेरगावच्याला `English` हा शब्द लगेच दिसतो. तिरंगा बघून मात्र आईंना मराठी सापडणार नाही.

ऐरोली_अप_डाउन: गर्दीच्या वेळी ते चालेल असं मला अजून वाटत नाही.

कळवा_पूर्व: रविवारी आईला पुन्हा नेतो. तिरंगा दाबल्यावर वाशी आणि परतीचं तसंच राहतं की पुसलं जातं, ते बघून इथे लिहितो.