मदत हवी आहे: कोडीनच्या गोळीने मला अजिबात गुण का येत नाही?

मेधा_लेस्टर
नमस्कार. सहा दिवसांपूर्वी बर्फावरून घसरून मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय आणि को-कोडामॉल दिलंय, म्हणजे एका गोळीत ३० मिग्रॅ कोडीन आणि ५०० मिग्रॅ पॅरासिटामॉल. एका वेळी दोन, दिवसातून चारदा. पण ठणका तसाच, रात्रभर हात उशीवर घेऊन बसते. गंमत म्हणजे माझ्या बहिणीने, तिची पाठ दुखत होती म्हणून, याच पाकिटातली अर्धीच गोळी घेतली तर ती दुपारभर गुंगीत होती. तिचं बाळ तीन महिन्यांचं, ते मलाच सांभाळावं लागलं. गोळ्या तर त्याच आहेत, मग असं का? मला दुसरं औषध एकच, दोन वर्षांपासून फ्लुओक्सेटिन २० मिग्रॅ.

दिनूकाका
कोडीन लिव्हरमध्ये बदलल्यावरच काम करतं. तुमचं लिव्हर मंद असणार. रक्त तपासून घ्या आणि तोवर एक गोळी वाढवून बघा.

सावनी_
बाबांना बीपीसाठी एनालाप्रिल १० चालू आहे, त्यांना सारखा कोरडा खोकला येतो. डॉक्टर म्हणाले तीही गोळी पोटात गेल्यावर बदलते. मग त्यांचंही लिव्हर तपासायचं का?

फार्मसीवाली_पुणे
मेधाताई, आधी एक सांगते, गोळी वाढवू नका. तुम्ही दिवसाला आठ घेताय, म्हणजे पॅरासिटामॉल ४ ग्रॅम झालं, तीच कमाल मर्यादा. त्यापुढे खरंच लिव्हरला इजा होते.

काका म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. कोडीनमध्ये स्वतःची वेदनाशामक ताकद थोडीच असते. लिव्हरमधलं सिप टू-डी-सिक्स नावाचं एन्झाइम त्यातल्या साधारण ५ ते १० टक्क्यांचं मॉर्फिन करतं आणि दुखणं मुख्यतः ते मॉर्फिन थांबवतं. तुमच्या दोन गोळ्यांत ६० मिग्रॅ कोडीन, त्यातून सर्वसाधारण माणसाला फार तर ३ ते ६ मिग्रॅ मॉर्फिन मिळतं. फ्लुओक्सेटिन नेमकं हेच एन्झाइम अडवून धरतं. त्यामुळे तुम्हाला बहुधा फक्त पॅरासिटामॉलचाच उपयोग होतोय. लिव्हरच्या नेहमीच्या तपासणीत हे दिसत नाही. रिपोर्ट अगदी नॉर्मल येईल.

आणि फ्लुओक्सेटिन मनाने बंद करू नका. शरीर त्याचं नॉरफ्लुओक्सेटिन बनवतं, तेही हेच एन्झाइम अडवतं आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. आज सोडलंत तरी या मनगटासाठी उपयोग शून्य. जीपींना फोन करून दोन्ही औषधांची नावं एकत्र सांगा. त्याऐवजी ट्रामाडॉल सुचवलं तर तिथेही थांबा: तेही याच एन्झाइमवर अवलंबून आहे, शिवाय फ्लुओक्सेटिनबरोबर त्याचा वेगळा धोका आहे.

सावनी, तुमच्या बाबांची गोष्ट वेगळी. खरं काम करणारं एनालाप्रिलॅट तोंडाने दिलं तर आतड्यातून जेमतेमच रक्तात जातं, म्हणून ते इंजेक्शननेच देतात. त्याला एक छोटी रासायनिक शेपटी जोडली की एनालाप्रिल होतं आणि ते आतड्यातून बऱ्यापैकी शोषलं जातं. पुढे लिव्हरमधलं दुसरंच एन्झाइम ती शेपटी कापतं. गोळी घेतल्यावर तासाभरात एनालाप्रिल रक्तात सर्वांत जास्त असतं, एनालाप्रिलॅट मात्र तीन-चार तासांनी. त्यांचा खोकला आहे म्हणजे रूपांतर नीट होतंय, कारण खोकला त्या एनालाप्रिलॅटमुळेच येतो. डॉक्टरांना सांगा, खोकला न आणणाऱ्या दुसऱ्या गटातल्या गोळ्या आहेत.

अनिकेत_जी
पण कोडीनमधलं बरंचसं मॉर्फिन न होता कोडीन-सिक्स-ग्लुकुरोनाइड होतं, आणि तेही वेदना कमी करतं असं काहीजण मानतात ना? मग एन्झाइम अडलं म्हणून गुण शून्य कसा?

फार्मसीवाली_पुणे
हो, त्यावर अजून एकमत नाही. म्हणूनच वर "बहुधा" लिहिलं. पण एन्झाइम न चालणाऱ्यांना कोडीनने दुखणं फारसं थांबत नाही, हे वारंवार दिसलंय.

मेधाताई, घाईत तुमची एक ओळ सुटली होती, तेच सर्वांत महत्त्वाचं. बहीण बाळाला अंगावर पाजते का? पाजत असेल तर तिने कोडीन अजिबात घ्यायचं नाही. काहीजणींत हे एन्झाइम जन्मतःच फार वेगाने चालतं, मॉर्फिन भराभर तयार होऊन दुधात उतरतं. अर्ध्या गोळीच्या गुंगीवरून ती तशीच आहे असं म्हणता येत नाही, पण ते आजमावून बघायची ही जागा नव्हे. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, दूध ओढत नाही, अंग सैल वाटतंय, श्वास संथ झालाय, असं काही असेल तर वाट न बघता ९९९ ला फोन करा.

मेधा_लेस्टर
हो, पाजते. लगेच फोन केला. तिने काल रात्रीही अर्धी घेतली होती, मला माहीतच नव्हतं. बाळ आत्ता रडून दूध पितंय, श्वास नेहमीसारखा आहे. तरी ती १११ ला फोन करतेय आणि पाकीट मी परत आणायला निघालेय. माझं जीपींशी उद्या सकाळी ठरलंय.

दिनूकाका
गोळी वाढवा म्हटलं ते मागे घेतो. बाळाचं काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.