रेडिओवर पाच मिनिटं: मुद्दे कसे काढलेत? आपापले अनुभव सांगा

शाहूपुरी: आमच्या वहिनींनी नाचणीच्या आंबिलीचं तयार पीठ बाजारात आणलंय. पुढच्या आठवड्यात रेडिओवर पाच मिनिटांची मुलाखत आहे. मुद्दे मी काढतेय, दोन पानं भरलीत. ज्यांनी हे केलंय त्यांनी कसं केलं?

गडहिंग्लज: मी काकवीसाठी गेलो होतो. सगळं लिहून पाठ केलं. दुसऱ्याच प्रश्नाला निवेदिका पाठातल्या पाचव्या मुद्द्यावर गेली आणि मी अडकलो. तरी पाठ कराच, धीर येतो.

राजारामपुरी: मी बरीच वर्षं निवेदन करते. दादा, पाठ करायचं ते फक्त पहिलं वाक्य. पुढं पाठ केलेलं ऐकणाऱ्याला लगेच कळतं. ताई, ओळख, प्रश्न आणि निरोप वजा केले की वहिनींना साडेतीन मिनिटं मिळतील, म्हणजे सावकाश बोलून चारेकशे शब्द. त्यात तीनच गोष्टी बसतात: हे काय आहे, करायचं कसं, मिळतं कुठं. प्रत्येकीसाठी जाड कागदावर चार-पाच शब्द लिहा. पातळ कागदाची सळसळ माइकमध्ये येते.

सुरुवात "आमचं उत्पादन" अशी नको. "उन्हातून आल्यावर आजी ताकातली आंबील द्यायची, तीच आता दहा मिनिटांत" म्हटलं की वाटी डोळ्यासमोर येते. फोन नंबर कुणी लिहून घेत नाही, दुकानाची खूण सांगा. दुकानाचं नाव घेतलेलं चालतं का, ते मात्र केंद्राला आधी विचारा.

इचलकरंजी: माझ्या चटणीच्या पाकिटावर तारीख पुसट छापली गेली, दुकानदारानं माल परत केला. छपाई चांगली कुठं होते?

शाहूपुरी: दादा, ते वेगळं विचारा ना. राजारामपुरीच्या ताई, "दुधापेक्षा जास्त कॅल्शियम" हा वहिनींचा आवडता मुद्दा आहे. ठेवू?

राजारामपुरी: एका वाटीत पीठ किती पडतं?

शाहूपुरी: दोन चमचे, वीस ग्रॅम.

राजारामपुरी: मग काढा. शंभर ग्रॅम कोरड्या नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे वीस ग्रॅममध्ये सत्तर. पेलाभर दुधात याच्या तिप्पट. कुणी आहारतज्ज्ञ ऐकत असेल तर वहिनींचं बाकीचं बोलणंही खोटं वाटेल. "मधुमेह असलेल्यांना चालेल का?" हा प्रश्न येणारच. तिथं "साखर कमी होते" असं तोंडून गेलं तर तो रोग बरा करण्याचा दावा होतो, आणि अन्नपदार्थाबद्दल तसा दावा कायद्याला चालत नाही. "आत काय आहे ते पाकिटावर लिहिलंय, तुमच्या डॉक्टरांना दाखवा," एवढं वहिनींकडून चार वेळा मोठ्यानं म्हणून घ्या.

गडहिंग्लज: आणि किंमत पहिल्याच मिनिटात सांगा. माझी काकवी त्यामुळंच खपली.

राजारामपुरी: मी शेवटी सांगायला लावते. पण काकवी घरोघरी माहीत आहे, तयार आंबील नाही. कदाचित त्यामुळं फरक पडत असेल.

शाहूपुरी: आज रात्री घड्याळ लावून दोन्ही तऱ्हांनी बोलायला लावते. सासूबाई पलीकडच्या खोलीतून ऐकतील. किंमत कुठल्या तऱ्हेत लक्षात राहिली ते त्यांनाच विचारेन.