मदत हवी आहे: दूध संकलनाचा आलेख सभासदांना पत्रात कसा समजावू?

सचिव_करवीर: आमची गावची छोटी दूध संस्था, जिल्हा कोल्हापूर. नोटीस बोर्डावर मासिक संकलनाचा रेषालेख लावला. लिटर असे: डिसेंबर ३८,४४०, जानेवारी ३७,८२०, फेब्रुवारी ३३,६००, मार्च ३६,५८०. फेब्रुवारीत रेषा विहिरीत पडल्यासारखी दिसते. त्यावरून गावभर "चार हजार लिटर कुठं मुरलं?" पत्र लिहायला बसलोय, पण पहिलंच वाक्य सुचेना.

माळावरचा: उन्हाळा लागला, दूध आटणारच. एवढंच लिहा.

दावण: आमच्याकडं फॅटच लागत नाही हो, ३.२ च्या वर जात नाही. सरकी पेंड बदलून बघू का?

सचिव_करवीर: दादा, त्याला वेगळा धागा काढा की.

जुना_तपासनीस: सचिवसाहेब, आधी महिन्याच्या बेरजेला दिवसांनी भागा. रोजचं १,२४०, १,२२०, १,२००, १,१८० येतं. विहीर गेली, साधा उतार राहिला. ४,२२० लिटरच्या खड्ड्यातले ३,६०० तर फेब्रुवारीच्या कमी तीन दिवसांचेच. बोर्डावर रोजची सरासरी लावा. शिवाय तुलना डिसेंबरशी नको, गेल्या मार्चशी करा, कारण पुष्टकाळानंतर दूध उतरतंच. गेल्या मार्चला किती होतं, आणि घालणारे किती?

सचिव_करवीर: रोज १,३००, घालणारे १३०. आता ११८.

जुना_तपासनीस: म्हणजे माणशी तेव्हाही १० लिटर, आताही १०. उन्हानं आटलं असतं तर माणशी दूध उतरलं असतं. इथं माणसं कमी झालीत.

माळावरचा: मग बारा जण खाजगी केंद्राला गेले, नावं छापा!

जुना_तपासनीस: घाई नको. कुणी जनावरं विकली असतील, कुणाची म्हैस भाकड असेल. सरासरीही फसवते. बारा लहान दावणी बंद झाल्या आणि मोठ्यांनी सकाळचं इथं, संध्याकाळचं दुसरीकडं घातलं, तरी आकडा १० च दिसेल. सकाळ-संध्याकाळचं रजिस्टर वेगळं काढून बघा.

सचिव_करवीर: बघितलं. सात-आठ जणांचं संध्याकाळचं निम्म्यावर आलंय. मात्र व्यायल्या जनावरांची नोंद आमच्याकडं नाही, त्यामुळं कारण ठामपणे सांगता येत नाही. पत्र असं लिहितोय:

"सभासद बंधू-भगिनींनो, फेब्रुवारीतला खड्डा मुख्यतः २८ दिवसांचा आहे. खरी घट अशी: गेल्या मार्चला रोज १,३०० लिटर, यंदा १,१८०. दूध घालणारे १३० चे ११८ झाले. दूध थांबवलेल्यांच्या घरी संचालक येऊन कारण विचारतील, दंडासाठी नव्हे."

माळावरचा: संध्याकाळचं का गाळलंत?

सचिव_करवीर: त्यातले दोघे संचालकच आहेत. आता बोला!