अमेरिकेतल्या मंडळाची संक्रांत: तिकीट फॅमिलीचं की माणशी?

कॉलेजरोडची_मेधा: महिनाभर नाशिकला माहेरी आले आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाची घोषणा मला लिहायची आहे. शाळेचा हॉल, गाणी, मुलांचं नाटुकलं, मग जेवण. चौघांच्या फॅमिलीला ७० डॉलर, जेवणाला माणशी १२ च्या वर नाही. घोळ होऊ नये म्हणून काय लिहू?

पंचवटीकर: कालिदास कलामंदिर आत्ताच बुक करा, नंतर तारीख मिळत नाही. आमच्या केटररच्या पुरणपोळीला तोड नाही.

कॉलेजरोडची_मेधा: काका, कार्यक्रम अमेरिकेत आहे.

माजी_खजिनदार: सहा वर्षं टेक्सासच्या मंडळाचे हिशोब पाहिले. आमचंही तिकीट फॅमिलीचंच होतं. एकदा ६० गेली, चौघं धरून २४० ताटं सांगितली. आले २७१, कारण घरोघरी आजी-आजोबा भारतातून आलेले. मसालेभाताच्या ट्रेचा तळ दिसला तेव्हा रांगेत आज्याच उभ्या होत्या. फॉर्मवर प्रत्येकाचं नाव आणि वय घ्या, पाचव्या माणसाचे वेगळे पैसे. तान्हं मूल फुकट असलं तरी नाव हवंच, हॉलच्या क्षमतेत तेही मोजलं जातं. आणि नोंदणी केटररला आकडा द्यायच्या दोन दिवस आधी बंद करा.

सातपूर_संजय: माझ्या भाच्याच्या मंडळात माणशी ३० डॉलर होते, चार गोड पदार्थ! १२ मध्ये काय होतंय? नाशिकची मिसळ ठेवा.

गोदाकाठ: तिकीट माणशीच हवं, नावं घ्या. मुलं अर्धंच खातात, दोघांमागे एक ताट धरा.

माजी_खजिनदार: भाजी-पुरीला ते चालेल, पण आमची मुलं पिझ्झाच खायची. मुलामागे दोन तुकडे, मोठ्या पिझ्झ्याचे आठ, म्हणजे ४० मुलांना १० पिझ्झे. आम्हाला ताटापेक्षा स्वस्त पडले.

आई_दोघांची: माझ्या मुलीला तिळाची ॲलर्जी आहे. तिकडे २०२३ पासून पाकिटावर तीळ असल्याचं छापावंच लागतं, पण घरच्या लाडवाला पाकीट नसतं. तीळ, शेंगदाण्याचं कूट कशाकशात आहे ते घोषणेतच लिहा. शाळेलाही विचारा, काही शाळा शेंगदाणा आत आणू देत नाहीत.

पंचवटीकर: तिळगुळाशिवाय संक्रांत कसली!

कॉलेजरोडची_मेधा: सगळ्यांचे आभार. नावं-वयं, तीळ-कुटाची सूचना आणि मुलांना पिझ्झा नक्की. तिळगूळ बंद पुडीत, निघताना दाराशी. तिकीट मात्र फॅमिलीचंच, आणि आजी-आजोबा त्यातच. पाचवा माणूस वेगळा मोजला की सासूबाई म्हणतात, "तुम्ही जा, मी घर बघते," आणि मग चार तास खिडकीपाशी बसतात. गेल्या वर्षी माझ्याच घरी झालं.

माजी_खजिनदार: सहा जणांचं जेवणच ७२ डॉलर झालं. हॉलचं भाडं कशातून?

कॉलेजरोडची_मेधा: गोड एकच ठेवते, गुळाची पोळी. बाकीचं कमिटीपुढे मांडते.