सहलीची खरेदी: पाकिटावरच्या लंबगोल शिक्क्यावरून माल कुठला ते कळतं का?

प्रेषक: मृणाल

नमस्कार मंडळी,

उन्हाळी सहलीच्या खरेदीचं काम यंदा माझ्याकडे आहे. समितीने ठरवलंय की दूधदुभतं आणि चिकन शक्यतो इथलंच, म्हणजे निदान जर्मनीतलं तरी घ्यायचं. काल दुकानात गेले आणि गोंधळून परत आले.

किसलेल्या गौडाच्या पाकिटामागे छोटा लंबगोल शिक्का आहे. वर DE, मग NI आणि काही आकडे, खाली EG. साध्या चिकनच्या तंगड्यांवर तसाच शिक्का, त्यात DE NW. पण त्याच पाकिटावर लिहिलंय "आउफगेत्सोगन इन: नीडरलांड, गेश्लाख्टेट इन: डॉइचलांड", म्हणजे वाढवलं नेदरलँड्समध्ये, कापलं जर्मनीत. शिक्का जर्मनीचा आणि कोंबडी हॉलंडची, हे कसं? तिसरं पाकीट तंदुरी मसाला लावलेल्या चिकनचं. त्यावर शिक्का जर्मनीचाच, पण कोंबडी कुठे वाढली याचा उल्लेखच नाही.

शिक्का बघून माल इथला आहे असं धरायचं का? शनिवारपर्यंत यादी पक्की करायची आहे.

मृणाल

---

प्रेषक: अविनाश

मृणाल,

त्या शिक्क्यात देशाचं नाव असतं आणि त्यावर सरकारी पशुवैद्यक खात्याची देखरेख असते, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. DE म्हणजे जर्मन दूध, जर्मन मांस. मात्र तुझं गौडा घेऊ नकोस. NI म्हणजे नॉर्दर्न आयर्लंड. ब्रेक्झिटनंतर त्यांना वेगळी खूण दिली आहे, हे मी तेव्हा वाचलं होतं. बहुधा तिकडचं चीज इथे आणून विकत असावेत. आपल्याकडे BY लिहिलेलं घेतलंस की ते बव्हेरियाचं, प्रश्नच नाही.

अविनाशकाका

---

प्रेषक: वैशाली

काका, मृणाल,

मी डेअरीत क्वालिटीच्या कामात आहे. हा शिक्का रोज डोळ्यांखालून जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काका, नॉर्दर्न आयर्लंडला वेगळी खूण आहे हे तुमचं बरोबर आहे. १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या मालावर UK(NI) असतं आणि खाली EC. मृणालच्या पाकिटावर आधी DE आहे, म्हणजे कारखाना जर्मनीतला. DE नंतरचं NI म्हणजे नीडरझाक्सन, NW म्हणजे नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन, BY म्हणजे आपलं बव्हेरिया. जर्मनीत कारखान्यांना मान्यता राज्य सरकारं देतात, म्हणून राज्याची अक्षरं आत येतात. पुढचे आकडे त्या एका कारखान्याचे. खालचं EG म्हणजे युरोपीय समुदाय. आयर्लंडच्या पाकिटावर तेच EC होतं आणि फ्रान्सच्या पाकिटावर CE.

आता मुद्द्याचं. शिक्क्यातला देश हा कारखान्याचा देश आहे, गाईचा किंवा कोंबडीचा नाही. कारखानाही कोणता, तर ज्याने मालावर शेवटची प्रक्रिया केली किंवा तो शेवटचा पॅक केला तो. नियम असा आहे की एका ठिकाणी पॅक झालेला माल दुसऱ्या कारखान्यात उघडला, कापला, किसला आणि पुन्हा पॅक केला, की नव्या पाकिटावर दुसऱ्या कारखान्याचाच क्रमांक येतो. पहिला क्रमांक कागदपत्रांत राहतो, गिऱ्हाइकाला दिसत नाही.

तुझ्या किसलेल्या गौडाचंच घे. असं चीज बहुतेक वेळा पंधरा किलोच्या चौकोनी ठोकळ्यांत कारखान्यात येतं. ठोकळा नेदरलँड्समध्ये बनला असेल तर त्याच्या वेष्टनावर NL आणि तिकडचा क्रमांक असतो. नीडरझाक्सनच्या कारखान्यात वेष्टन काढतात, ठोकळा किसणीत जातो, कीस चिकटू नये म्हणून थोडा बटाट्याचा स्टार्च मिसळतात, पिशवीत गॅस भरून सील करतात. पिशवीवर छापलं जातं DE NI. यात कोणी फसवत नाही, नियमच तसा आहे. ठोकळा जर्मनीतच बनलेला असण्याचीही तेवढीच शक्यता आहे, पण शिक्क्यावरून ते कळणार नाही. चीजच्या नावात मात्र कधीकधी उत्तर असतं. "गौडा हॉलंड" हे २०१० पासून संरक्षित नाव आहे, त्याला दूध डचच लागतं. नुसतं "गौडा" कुठेही बनवता येतं.

BY बद्दलही तेच, काका. बव्हेरियातल्या डेअऱ्यांमध्ये चेक प्रजासत्ताकातून टँकरने दूध येतं. पाश्चराइज होऊन ते पुठ्ठ्याच्या डब्यात भरलं की शिक्का DE BY.

तुम्ही म्हणता ती पशुवैद्यकाची देखरेख कत्तलखान्यात असते. तिथे अख्ख्या धडावर मारायचा शिक्का वेगळा: साडेसहा सेंटिमीटर रुंद, साडेचार उंच, तपासणी झाल्यावर शाईने किंवा डाग देऊन मारलेला. पाकिटावरचा छोटा शिक्का कारखाना स्वतः छापतो. कारखान्याला मान्यता आहे, एवढंच तो सांगतो. दर्जा, चव किंवा मूळ गाव यांबद्दल तो काही सांगत नाही.

चिकनचं उद्या लिहिते.

वैशाली

---

प्रेषक: सुनंदा

वैशाली, माझ्या फ्रीझरमध्ये कोळंबीची दोन पाकिटं आहेत. आशियाई दुकानातल्या पाकिटावर IN आणि एक क्रमांक आहे, EG नाही. सुपरमार्केटमधल्या पाकिटावर NL, क्रमांक, EG, आणि खाली बारीक अक्षरांत भारतातल्या शेततळ्यातली कोळंबी असं लिहिलंय. मी आजवर EG नसलेलं पाकीट जरा कमी प्रतीचं समजत होते. माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे कोळंबी आपल्याकडची असली की हात आपोआप तिकडे जातो, पण EG नाही म्हणून घेताना मनात किंतु यायचा. सहलीला कोळंबी नाही हे माहीत आहे, तरी विचारते.

सुनंदामावशी

---

प्रेषक: वैशाली

मावशी, किंतु बाळगू नका. EG युरोपीय संघातल्या कारखान्यांसाठीच असतं, बाहेरच्या देशातल्या कारखान्याला ते छापता येत नाही. इकडे माल पाठवायला भारतातल्या कारखान्यालाही युरोपच्या मान्य यादीत असावंच लागतं, आणि तोच क्रमांक तुमच्या पाकिटावर आहे. दुसरी कोळंबीही भारतातलीच, फक्त मोठ्या पॅकमधून येऊन नेदरलँड्समध्ये छोट्या पाकिटांत भरली गेली. ती आपली आहे हे तुम्हाला कळलं, कारण तळ्यात वाढवलेल्या मासळीला देश लिहिणं वेगळ्या नियमाने सक्तीचं आहे. शिक्क्यावरून ते कळलं नसतं.

मृणाल, चिकनमध्येही हेच होतं. ताज्या किंवा गोठवलेल्या, काहीही न लावलेल्या कोंबडी, डुक्कर, मेंढी आणि बकरीच्या पॅकबंद मांसावर "कुठे वाढवलं" आणि "कुठे कापलं" हे १ एप्रिल २०१५ पासून लिहावंच लागतं. तुझ्या तंगड्यांची कोंबडी हॉलंडमध्ये वाढली, ट्रकने सीमा ओलांडून आली, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये कापून पॅक झाली. शिक्का खरा आणि ओळही खरी. तुला हवं ते उत्तर ओळीत आहे.

"वाढवलं" यालाही मर्यादा आहे. कोंबडीच्या बाबतीत त्यात शेवटचा किमान एक महिना धरतात, आणि महिन्याच्या आत कापली तर पोसायला ठेवल्यापासूनचा सगळा काळ. पिल्लू कुठल्या देशात अंड्यातून बाहेर आलं, हे त्यावरून कळत नाही. "गेबोरन इन", म्हणजे जन्म कुठला, हे गोमांसावर वेगळं लिहितात. तो नियम मॅड काऊच्या प्रकरणानंतरचा आहे.

तंदुरी मसाला लावला की मात्र ही सक्ती संपते. मीठमसाला चोळलेलं मांस कायद्याने ताज्या मांसात बसत नाही, ते तयार पदार्थाकडे झुकतं. म्हणून तिसऱ्या पाकिटावर ती ओळ नाही. शिक्का तेवढा उरला, आणि लोक त्यालाच मूळ देश समजतात. ही पळवाट मला खटकते, कारण गिऱ्हाईक नेमकं इथेच चुकतं. मी असते तर साधं चिकन घेऊन मसाला घरी लावला असता.

वैशाली

---

प्रेषक: निखिल

वैशालीताई, BVL या जर्मनीच्या ग्राहक संरक्षण आणि अन्नसुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कारखान्यांची यादी आहे. घरातल्या दह्याच्या डब्यांवरचे क्रमांक टाकून पाहिले. महागड्या ब्रँडचा आणि डिस्काउंट दुकानाच्या स्वतःच्या दह्याचा क्रमांक एकच निघाला! म्हणजे एकच दही दोन नावांनी. मग सहलीसाठी स्वस्तच घेऊ.

एका डब्यावर मात्र दोन शिक्के आहेत, A आणि B. ते काय?

निखिल

---

प्रेषक: वैशाली

निखिल, यादी बरोबर शोधलीस. पण कारखाना एक म्हणून दही एक, असं नाही. एकाच इमारतीत वेगळं विरजण, वेगळं फॅट, वेगळा मुरवायचा वेळ असू शकतो. घटकांची यादी आणि फॅट-प्रोटीनचे आकडे शेजारी ठेवून बघ. तेही जुळले तर शक्यता वाढते, खात्री तरीही होत नाही.

A आणि B चं असं की एकच उत्पादन दोन कारखान्यांत भरत असतील, तर छपाईचा खर्च वाचवायला डब्यावर दोन्ही क्रमांक छापतात. तुझा डबा कुठला हे सांगणारं अक्षर झाकणावर, तारखेच्या ओळीत शाईने मारलेलं असतं. काही डब्यांवर शिक्क्याऐवजी "झाकण पाहा" एवढंच छापलेलं असतं, तेही चालतं.

हे अक्षर खरं कामाला येतं माल परत मागवतात तेव्हा. lebensmittelwarnung.de वर एखाद्या दह्याची सूचना आली, तर तारीख, बॅच आणि बऱ्याचदा हा क्रमांक दिलेला असतो. त्यावरून आपला डबा त्यातला आहे की नाही ते मिनिटभरात कळतं. शिक्का मुळात माग काढण्यासाठीच आहे. सहलीच्या दिवशी पाकिटं फेकण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा, एवढं सुचवते.

वैशाली

---

प्रेषक: अविनाश

वैशाली, NI चं समजलं, धन्यवाद. पण एक मुद्दा सोडत नाही. दूध चेकचं असलं तरी डेअरी बव्हेरियातली, कामगार इथले, कर इथे भरला जातो. मग DE BY चं लोणी "इथलं" का धरू नये? समितीच्या ठरावात गाय कुठली असं कुठे लिहिलंय?

अविनाशकाका

---

प्रेषक: सुनंदा

अविनाश, ठराव मांडला मीच. डोक्यात होतं ते जनावराचं लांबवर फिरणं आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव. त्या हिशेबात कारखाना कुठला हे दुय्यम आहे. पण लिहिताना तसं स्पष्ट लिहिलं नव्हतं, हेही खरं.

---

प्रेषक: मृणाल

चिकन ठरलं: मसाला न लावलेलं, आणि दोन्ही ओळींत डॉइचलांड लिहिलेलं. मसाला शुक्रवारी माझ्याकडे लावू, कोण येणार ते कळवा. दही आणि लोण्याचं काका आणि मावशी बोलून बुधवारपर्यंत सांगा. चीजच्या काही पाकिटांवर दूध कुठल्या देशाचं तेही लिहिलेलं असतं असं दुकानदार म्हणाला. उद्या जाऊन बघते, तसं मिळालं तर तेच घेईन.

मृणाल