सिम्युलेटरशिवाय थेट रोबोलाच शिकवावं का?

चौपाई: चार पाय, आठ डायनामिक्सेल एक्सएल४३० सर्व्हो. सिम्युलेटर न बनवता याच्यावरच एसएसी या रीइन्फोर्समेंट लर्निंगच्या पद्धतीनं चालणं शिकवलं तर जमेल, की सर्व्हो जळतील आणि दिवसभर उचलून ठेवत बसावं लागेल?

तिरपा कोन: जमेल. २०१८ मध्ये मिनिटॉर रोबो याच पद्धतीनं साधारण दोन तासांत चालायला शिकला. कोनाच्या मर्यादा सर्व्होतच लिहा: मधल्या २०४८ च्या अलीकडे-पलीकडे ३४०, म्हणजे सुमारे ३० अंश. पण तेवढ्यावर विसंबू नका. मर्यादेबाहेरचं लक्ष्य सर्व्हो नाकारतो आणि जुन्यालाच धरून बसतो. सगळ्या सर्व्होंना एकदम आज्ञा देणाऱ्या `Sync Write` ला उत्तर येत नसल्यानं तुम्हाला पत्ताही लागत नाही. आकडा पाठवण्याआधीच छाटा.

`Bus Watchdog` ५ ठेवलात तर १०० मिलिसेकंद आज्ञा आली नाही की मोटर थांबते. नेटवर्कचे अपडेट त्याच लूपमध्ये असतील तर मात्र हा पहारेकरी उगाच लागतो, आणि त्यात ० लिहीपर्यंत नवं लक्ष्य घेत नाही. प्रशिक्षण वेगळ्या प्रोसेसमध्ये हवं.

रामभरोसे: एवढा खटाटोप कशाला? पडला की -१०० द्या, आपोआप जपून चालेल.

तिरपा कोन: दंड कळायला आधी पडावं लागतं, तेही बऱ्याचदा. आणि दंड फार वाढवला की गडी जागचा हलतच नाही.

आडवा फाटा: सिम्युलेटरमध्ये घर्षण बदलत राहा, खऱ्यावर नीट उतरतं.

चौपाई: सिम्युलेटरच नकोय हो. गिअरची ढिलाई त्यात बसवणं हेच तर अवघड जातंय.

दोरीवाली: मर्यादा ठीक, पण सर्व्हो खरे मरतात ते थरथरीनं. दर ५० मिलिसेकंदांना नवा स्वतंत्र नॉइज दिला की पाय जागच्या जागी कापतो, पुढं जात नाही, नुसता तापतो. स्टेबल-बेसलाइन्स३ लायब्ररीत `use_sde=True` करा, आणि सोबत `train_freq=8`; ते १ च राहिलं तर नॉइज दर पावलाला नवाच निघतो. `Present Temperature` ६० ला पोचलं की विश्रांती. ७२ च्या मर्यादेची वाट पाहू नका.

उचलायला वरून दोरी आणि छोटी मोटर लावा. चालताना ती सैल हवीच, नाहीतर रोबो दोरीला लटकून पुढं सरकायला शिकतो. गुण छान दिसतात, दोरी सोडली की लोळण. शिवाय अंगणाची कड आली म्हणून उचललं, तर ते पडणं नव्हे:

```python
y = r + gamma * (1 - terminated) * q_next
```

कडेला `terminated` ० आणि `truncated` १. इथं चूक झाली की कडेजवळची चांगली चालही वाईट ठरते, आणि रोबो मध्येच घुटमळतो.

तिरपा कोन: दोरीपेक्षा पुढं आणि मागं चालणं आलटून पालटून शिकवा, स्वतःच परत येईल. नॉइजसाठी साधा लो-पास फिल्टरही पुरतो, फक्त मागची कृती निरीक्षणात घाला.

दोरीवाली: आणि पाठीवर उलटा पडला तर? दोन सांध्यांच्या पायानं पलटी मारून दाखवा, मग दोरी काढते.