मदत हवी आहे: संध्याकाळपर्यंत डोळे जळतात, कोडिंगसाठी फॉन्ट आणि थीम सुचवा

सेक्टर_आठ_ऐरोली
डोक्याला शॉट झालाय. दिवसभर कोड बघून संध्याकाळी डोळे अक्षरशः चुरचुरतात आणि अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. फिरा कोड झाला, कॅस्केडिया झाला, आता जेटब्रेन्स मोनो आहे, लिगेचर चालू करून बघितले, बंद करून बघितले, लाइन हाइट वाढवली, थीम सध्या ड्रॅक्युला. काहीच फरक नाही. एकच सांगा, फॉन्ट कुठला आणि थीम कुठली. उद्यापासून परत डेडलाइन आहे, त्यामुळे "स्क्रीन कमी बघा" वगैरे नको.

निमिष_घोडबंदर
ड्रॅक्युला काढ आणि सोलराइज्ड डार्क लाव, विषय संपला. मी कित्येक वर्षं तेच वापरतोय. आणि रात्री ब्लू लाइट फिल्टर लाव, निळा प्रकाश डोळे खलास करतो.

जुना_खोड
ओएस? स्क्रीनचा आकार, रेझोल्यूशन, स्केलिंग? चष्मा आहे का? काहीच न सांगता फॉन्ट विचारतोयस म्हणजे चपलेचा नंबर न सांगता चप्पल मागतोयस.

सेक्टर_आठ_ऐरोली
विंडोज ११, व्हीएस कोड, ४३ इंच ४के, स्केलिंग १२५ टक्के. चष्मा नाही. फॉन्ट साइज १५.

सुलभा_ताई_कळवा
मराठीसाठी मंगल फॉन्ट चांगला आहे. शिवाजी फॉन्ट वापरू नका, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की सगळं इंग्रजी अक्षरांत दिसतं. आमच्या सोसायटीच्या नोटिसा मी आता सगळ्या युनिकोडमध्येच करते.

सेक्टर_आठ_ऐरोली
ताई, मी कोडिंगच्या फॉन्टबद्दल विचारतोय हो.

बिनचष्म्याचा_बाबू
चष्मा "नाही" की "लावत नाही"? थोडा सिलिंडर नंबर असला तरी काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं पसरतात, कारण अंधाऱ्या स्क्रीनकडे बघताना बाहुली मोठी होते आणि दोष जास्त जाणवतो. माझं तेच झालं होतं, डार्क थीम सोडली आणि सुटलो. तुला शंभर टक्के हेच आहे. कागदाला टाचणीने बारीक भोक पाड, त्यातून अक्षर बघ. एकदम रेखीव दिसलं तर नंबर काढून घे.

मृण्मयी_पोस्ट
मी एडिटिंग स्टुडिओत काम करते, त्यामुळे वेगळा संशय आहे. सेक्टर आठ, तुमची *सगळी* अक्षरं फुटतात की फक्त रंगीत? म्हणजे ड्रॅक्युलात साधं व्हेरिएबलचं नाव जवळपास पांढरं असतं आणि `return`, `const` गुलाबी असतात. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बघा. आणि ४३ इंच म्हणजे हा मॉनिटर आहे की टीव्ही?

सेक्टर_आठ_ऐरोली
टीव्ही आहे, त्याने काय फरक पडतो, ४के ते ४केच ना. भोकाचं करून बघितलं, भोकातूनही तसंच फुटलेलं दिसतं. आणि हो, आता तुम्ही म्हणताय म्हणून बघितलं तर पांढरी अक्षरं बरी आहेत, गुलाबी जरा पसरट, आणि एरर आली की ती लाल अक्षरं तर शेवाळ धरल्यासारखी. मला वाटलं थीमच तशी आहे.

मृण्मयी_पोस्ट
मग फॉन्टला दोष देऊ नका. टीव्ही सिनेमासाठी बनवलेला असतो, आणि सिनेमाच्या सिग्नलमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याला वेगळी पण रंगाची माहिती चार ठिपक्यांना मिळून एकच जाते. चेहरा, आकाश, गाडी यात ते कळत नाही. पण एक-दोन ठिपके जाडीची लाल रेघ काळपट पार्श्वभूमीवर असली की लाल आणि काळा यांच्यात उजेडाचा फरक कमी, सगळा फरक रंगाचाच, आणि रंगच पसरलेला. म्हणून पांढरं रेखीव आणि लाल शेवाळलेलं. त्यात विंडोजचा क्लीअरटाइप अक्षराच्या कडा रंगीत उपठिपक्यांनी गुळगुळीत करतो, ते रंगही पसरतात. फॉन्ट कितीही बदला, सगळे त्याच चाळणीतून जाणार.

बघायचं कुठे: सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे कलर फॉरमॅटपुढे काय लिहिलंय ते इथे टाका.

निमिष_घोडबंदर
एवढं मोठं रामायण कशाला, मी म्हणतो सोलराइज्ड लावून तर बघ.

जुना_खोड
निमिष, सोलराइज्ड मुद्दामच कमी कॉन्ट्रास्टची आहे आणि तिचे रंग असेच मध्यम उजेडाचे. याच्या टीव्हीवर ती ड्रॅक्युलापेक्षा वाईट दिसेल. आणि निळ्या प्रकाशाचं म्हणशील तर अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी स्वतः म्हणते की स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांचं नुकसान होतं याला पुरावा नाही, त्यासाठीचे चष्मे घ्यायचीही शिफारस ते करत नाहीत. रोखून बघताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे सुकतात, चुरचुर त्याची असते.

निमिष_घोडबंदर
मला फरक पडतो, बास. रात्री झोपही नीट लागते.

जुना_खोड
झोपेचं वेगळं. तो डोळ्यांबद्दल विचारतोय.

सेक्टर_आठ_ऐरोली
`YCbCr420` लिहिलंय. ६० हर्ट्झ.

मृण्मयी_पोस्ट
तेच. तिथे `RGB` यायला हवं. सहसा लॅपटॉप ठीक असतो, टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टवर जास्तीची बँडविड्थ बंद असते, त्यामुळे ४के ६० हर्ट्झ पाठवायला रंग कापण्याशिवाय मार्ग नसतो. टीव्हीच्या मेन्यूत त्या पोर्टपुरतं एक सेटिंग असतं, कंपनीगणिक नाव वेगळं, कुठे एन्हान्स्ड फॉरमॅट, कुठे डीप कलर, कुठे यूएचडी कलर. ते चालू करा. मग इनपुटचा प्रकार किंवा नाव पीसी करा. हे दुसरं विसरू नका, कारण नाहीतर विंडोज `RGB` दाखवतं पण टीव्ही आतल्या आत परत रंग कापतो आणि लाल अक्षरं तशीच राहतात. शेवटी शार्पनेस. टीव्हीचं शार्पनेस अक्षराभोवती पांढरी किनार काढतं, ती जाईपर्यंत खाली आणा. बऱ्याच टीव्हींवर ते शून्य असतं, काहींवर मधे.

सेटिंग नाहीच सापडलं आणि लॅपटॉपचं पोर्ट जुनं एचडीएमआय १.४ असेल तर ४के ३० हर्ट्झवर पूर्ण रंग मिळतो. अक्षर स्वच्छ, पण स्क्रोल करताना झटके बसतात आणि माउस मागे पडल्यासारखा वाटतो. काहींना चालतं, मला दहा मिनिटं नाही चालत.

बिनचष्म्याचा_बाबू
ठीक आहे, पण सिलिंडरचं माझं म्हणणं खोटं नाही. डार्क थीमवर सगळीच अक्षरं पसरली असती तर ते डोळ्यांचंच निघालं असतं.

मृण्मयी_पोस्ट
बरोबर आहे तुमचं, म्हणून तर पांढरं की रंगीत ते आधी विचारलं.

वाशी_फ्रंटएंड
मला लिगेचरबद्दल बोलायचंय, कोणीच बोलत नाहीये. `!==` आणि `!=` लिगेचरमध्ये जवळजवळ सारखे दिसतात, एक रेघ कमी-जास्त. संध्याकाळी दमलेल्या डोळ्यांनी रिव्ह्यू करताना ती रेघ शोधणं हाच ताण आहे. बंद ठेवा.

निमिष_घोडबंदर
उलट `=>` चा एकच बाण दिसतो तेव्हा नजर पटकन फिरते. लिगेचरशिवाय कोड वाचवत नाही मला.

वाशी_फ्रंटएंड
सुंदर दिसतं हे मान्य. पण कर्सर मधे नेला की कधी बाण असतो कधी दोन चिन्हं, आणि दुसऱ्याला स्क्रीन शेअर केली की तो विचारतो हे चिन्ह कसं टाइप करू.

सेक्टर_आठ_ऐरोली
अरे थांबा रे. केलं. एचडीएमआय १ वर एन्हान्स्ड चालू केलं, विंडोजमध्ये `RGB` आलं, तरी लाल तसंच. मग इनपुटला पीसी केलं आणि एकदम पडदा बाजूला झाल्यासारखं, एरर लाल आणि धारदार. शार्पनेस ५० होतं, शून्यावर नेलं तर अक्षरांभोवतीची चमक पण गेली. पण आता नवीन कटकट. मधेच स्क्रीन सेकंदभर काळी होऊन परत येते. आणि एवढं होऊनही डोळ्यांवर प्रकाशाचा मारा वाटतोच.

मृण्मयी_पोस्ट
काळी होते म्हणजे केबल. आधी सिग्नल कापलेला असल्याने जुनी केबल निभावत होती, आता दुप्पट डेटा जातोय. लांब केबल असेल तर आखूड घ्या, पाकिटावर प्रीमियम हाय स्पीड लिहिलेली. तोपर्यंत ३० हर्ट्झवर टाकून बघा, काळं होणं थांबलं तर केबलवर शिक्कामोर्तब.

प्रकाशाचं म्हणाल तर टीव्ही व्हिव्हिड मोडवर असेल, तो दुकानात लक्ष वेधायला असतो. साधा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि व्हीएस कोडची लाइट थीम लावा. कागदापेक्षा स्क्रीन दिव्यासारखी पेटलेली दिसली की बॅकलाइट कमी करा, दोन्ही सारखे दिसेपर्यंत. बॅकलाइट म्हणतेय, ब्राइटनेस नाही, बऱ्याच टीव्हींवर ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी असते आणि ती हलवली की डार्क थीम राखाडी होते.

जुना_खोड
खिडकी कुठे आहे? ऐरोलीत पश्चिमेची असेल तर चारनंतर ऊन थेट येणार, आणि काळी थीम म्हणजे आरसा.

सेक्टर_आठ_ऐरोली
पाठीमागे, पश्चिमेचीच. केबल पाच मीटरची आहे, टीव्ही भिंतीवर होता तेव्हाची. लॅमिंग्टन रोडला जायला वेळ नाही, इथे ठाण्यात कुठे चांगली मिळेल?

निमिष_घोडबंदर
स्टेशनजवळ मिळेल, पण पाकीट वाचून घे, सगळ्यांवर ४के लिहिलेलंच असतं.

वाशी_फ्रंटएंड
खिडकी पाठीमागे असेल तर दिवसा लाइट, रात्री डार्क. विंडोजची थीम बदलली की व्हीएस कोड आपोआप बदलेल असं `window.autoDetectColorScheme` आहे. आणि लाइन हाइट किती ठेवलीये?

सेक्टर_आठ_ऐरोली
१.२. कमी ठेवली की जास्त ओळी मावतात. वाढवून बघितली होती म्हटलं ना, तीच १.१ वरून १.२ केली. आणि आमच्या अ‍ॅपमध्ये मराठी स्ट्रिंग आहेत, त्यांच्या वेलांट्या वरून कापल्या जातात, ते वेगळंच.

जुना_खोड
वेगळं नाही, तेच आहे. जेटब्रेन्स मोनोत देवनागरी नाही, त्यामुळे विंडोज दुसऱ्या फॉन्टमधून अक्षर उचलतं, आणि देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, अशी दोन्हीकडे जागा लागते. १.२ मध्ये ती मावत नाही. सुलभाताईंचा मराठी फॉन्टचा मुद्दा शेवटी कामाला आला बघ. हे टाक:

```json
"editor.fontFamily": "'JetBrains Mono', 'Nirmala UI', monospace",
"editor.fontSize": 16,
"editor.lineHeight": 1.6,
"editor.fontLigatures": false
```

मराठी अक्षरं एकसारख्या रुंदीची नसणार, त्यामुळे त्या ओळीतलं कॉलमचं अलाइनमेंट हलेल. त्याला इलाज नाही. आणि `lineHeight` मध्ये १६ किंवा २४ असा मोठा आकडा टाकलास तर तो पिक्सेल धरला जातो, पट नाही. नंतर फॉन्ट वाढवलास की ओळी एकमेकींवर चढतील.

सुलभा_ताई_कळवा
मी तेच म्हणत होते, युनिकोड वापरा.

सेक्टर_आठ_ऐरोली
वेलांट्या आल्या ताई 🙏 ३० हर्ट्झवर काळं होणं थांबलं, म्हणजे केबलच. लिगेचर बंद केलेत, दोन दिवस बघतो. संध्याकाळची चुरचुर आहे अजून थोडी, पण आज ३० वर काम केलं, स्क्रोलने डोकं पण गरगरतंय, त्यामुळे कशाचं काय ते नवीन केबल आल्यावरच कळेल.

बिनचष्म्याचा_बाबू
केबल आणायला निघालाच आहेस तर वाटेत नंबर तपासून घे.

निमिष_घोडबंदर
आणि सोलराइज्ड. आता `RGB` आहे ना.